निफ्टी उच्चांकावर आणि बाकी बाजार पडलेला: 2018-19 ची तेजी निरोगी होती का?

ओमकार_तळेगाव

जुने चार्ट घेऊन बसलोय आणि एका ठिकाणी अडकलोय. 2017 संपताना निफ्टी 10,530 ला होता. 2018 मध्ये तो तीन टक्के वाढला, 2019 मध्ये बारा टक्के, आणि 31 डिसेंबर 2019 ला 12,168 ला बंद झाला. नुसता निफ्टी पाहिला तर दोन बरी वर्षं.

त्याच खिडकीत निफ्टी मिडकॅप 100 लावला तर चित्र पार बदलतं. 2017 अखेर 21,100 च्या आसपास, 2019 अखेर 17,100. स्मॉलकॅप 100 तर 2018 या एकाच वर्षात 29 टक्के खाली आणि पुढच्या वर्षी आणखी साडेनऊ टक्के खाली.

माझा प्रश्न असा: त्या वेळी बाजारात बसलेल्या माणसाने ही तेजी निरोगी मानायची की नाही, हे कशावरून ठरवायचं होतं? पुढे मार्च 2020 मध्ये काय झालं ते आपल्याला माहीत आहे, म्हणून आज कुणीही "कळत होतं" म्हणेल. मला तेव्हाच्या माहितीवर ठरवता येईल अशी पद्धत हवी आहे.

रणजित_सातारा

उत्तर सरळ आहे. चार-पाच शेअर इंडेक्स ओढत असतील तर ती तेजी टिकत नाही. अमेरिकेत 2000 साली हेच झालं. न्यूयॉर्कच्या बाजाराची ॲडव्हान्स-डिक्लाइन लाइन, म्हणजे रोज वाढलेल्या शेअरमधून पडलेले वजा करत बेरीज केलेली रेषा, आधी वळली, इंडेक्स नंतर कोसळला. 2007 मध्येही लाइन जूनमध्ये वळली आणि एसअँडपी ऑक्टोबरमध्ये. आपल्याकडे 2018-19 मध्ये लाइन दोन वर्षं खाली जात होती, मग मार्च 2020. ब्रेड्थ, म्हणजे तेजीत किती शेअर सामील आहेत, ती बिघडली की बाहेर पडायचं, एवढा एक नियम पाळला तरी पुरे.

स्मिता_डोंबिवली

विषय निघालाच आहे तर विचारते. मी 2018 च्या सुरुवातीला एका स्मॉलकॅप फंडात एसआयपी सुरू केली होती. 2019 च्या दिवाळीत टीव्हीवर "बाजार उच्चांकावर" चालू होतं आणि माझं स्टेटमेंट लाल. घरी रोज प्रश्न, की सगळ्यांचे पैसे वाढतायत, आपलेच का नाही? तेव्हा फंड चुकीचा निवडला असं वाटून मी एसआयपी थांबवली. म्हणजे या ब्रेड्थवरून चांगला फंड ओळखता येतो का? मी इंडेक्स फंडात जायला हवं होतं का?

श्रीकांत_जो

मी बरीच वर्षं एका ब्रोकरच्या रिसर्च डेस्कवर काढली, त्यातली बहुतेक हाच विषय बघण्यात. ओमकार, चार्ट उघडण्याआधी एक बेरीज कागदावर करून पाहा, म्हणजे "चार शेअर इंडेक्स ओढतात" याचा अर्थ नेमका कळेल.

निफ्टीमध्ये प्रत्येक शेअरचं वजन त्याच्या फ्री-फ्लोट, म्हणजे खरेदी-विक्रीला खुल्या असलेल्या शेअरच्या बाजारमूल्यावर ठरतं. 2019 अखेरीस एचडीएफसी बँक, रिलायन्स, एचडीएफसी, आयसीआयसीआय बँक आणि इन्फोसिस या पाचांचं मिळून वजन चाळीस टक्क्यांच्या आसपास होतं. उदाहरणापुरतं असं धरा की काही महिन्यांत हे पाच सरासरी 8 टक्के वाढले आणि उरलेले 45 सरासरी 2 टक्के पडले. हे आकडे सोयीसाठी घेतलेत, कुठल्या खऱ्या महिन्याचे नाहीत.

पाचांचं योगदान: 40 टक्क्यांचे 8 टक्के, म्हणजे अधिक 3.2. उरलेल्यांचं: 60 टक्क्यांचे 2 टक्के, म्हणजे उणे 1.2. निफ्टी 2 टक्के वर. आता प्रत्येक शेअरमध्ये सारखेच पैसे टाकलेला माणूस घ्या. पाच गुणिले 8 म्हणजे 40, वजा 45 गुणिले 2 म्हणजे 90. उणे 50 भागिले 50. तो 1 टक्का तोट्यात. बाजार तोच, दिवस तेच, आणि दोन माणसांच्या अनुभवात तीन टक्क्यांचं अंतर.

हे अंतर रोज मोजणारा इंडेक्स तयार मिळतो, निफ्टी 50 इक्वल वेट. साध्या निफ्टीला त्याने भागून गुणोत्तराचा चार्ट काढा. रेषा वर जात असेल तर हेवीवेट पुढे आहेत. पण इथेच बहुतेक लोक थांबतात आणि चुकतात. गुणोत्तर वर जाण्याच्या दोन अगदी वेगळ्या तऱ्हा आहेत. एकीत बाकीचे शेअरही वाढत असतात, फक्त कमी वेगाने. दुसरीत ते पडत असतात. गुणोत्तराच्या रेषेत दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून गुणोत्तराच्या खाली इक्वल वेटचा स्वतःचा चार्ट ठेवायचाच.

2023 मध्ये अमेरिकेत एसअँडपी 500 चोवीस टक्के वाढला, आणि त्याचा इक्वल वेट भाऊ लाभांश धरूनही चौदाच्या आतच राहिला. मोठ्या सात कंपन्यांवर चाललेली तेजी म्हणून वर्षभर ओरड होती. पण बाकीचे पडत नव्हते, मागे होते. पुढच्या वर्षी इंडेक्स आणखी तेवीस टक्के वाढला. आपल्याकडे 2018 मध्ये उरलेला बाजार मागे राहिला नव्हता, पडत होता. या दोन तेजींना एकच नाव देणं मला पटत नाही.

प्राची_व

श्रीकांतकाका, बेरजेत एक शंका. 45 शेअर "सरासरी" 2 टक्के पडले असं तुम्ही दोन्हीकडे वापरलंत. पण निफ्टीसाठी लागते ती वजनानुसार सरासरी आणि इक्वल वेटसाठी साधी सरासरी. त्या 45 मधले छोटे शेअर जास्त पडले असतील तर दोन्ही आकडे वेगळे येतील ना?

श्रीकांत_जो

बरोबर पकडलंत. मी दोन्ही सारख्या धरल्या म्हणून बेरीज सुटसुटीत झाली. प्रत्यक्षात निफ्टीतले सगळ्यात कमी वजनाचेच शेअर सगळ्यात जास्त पडलेले असतात, कारण पडल्यामुळेच त्यांचं वजन कमी होत गेलेलं असतं. 2018 मध्ये टाटा मोटर्स सुमारे 430 वरून 170 च्या आसपास आला. येस बँक 2019 मध्ये 180 वरून 50 च्या खाली गेली. दोन्ही निफ्टीत होते. एवढी पडझड इंडेक्सला फारशी का बोचली नाही? कारण शेअर जसजसा पडत गेला तसतसा त्याचा इंडेक्समधला हिस्साही आकसत गेला. म्हणजे खरं अंतर माझ्या तीन टक्क्यांपेक्षा मोठंच निघतं.

रणजित_सातारा

मग माझंच म्हणणं खरं ठरलं ना काका? बाकीचे पडत होते, म्हणजे तेजी पोकळ.

श्रीकांत_जो

रणजितराव, अर्धं खरं. 2000 चं उदाहरण तुम्ही दिलंत, त्याच्या तारखा लावून बघू. न्यूयॉर्कची ॲडव्हान्स-डिक्लाइन लाइन एप्रिल 1998 मध्ये शिखरावर होती. एसअँडपी 500 चं शिखर मार्च 2000 मध्ये. मधे जवळजवळ दोन वर्षं. तुमच्या नियमाने 1998 ला बाहेर पडलेल्या माणसाने ती दोन वर्षं बाहेर बसून काढली असती, आणि त्या काळात इंडेक्स बराच वर गेला. किती जणांना ते जमलं असतं? मी पाहिलेले बहुतेक लोक दीड वर्षाने कंटाळून नेमके शिखराजवळ परत आत येतात.

शिवाय त्या लाइनमध्ये प्रेफरन्स शेअर आणि रोख्यांचे क्लोज्ड-एंड फंडही मोजले जातात. व्याजदर चढले की ते पडतात आणि लाइन खाली येते, कंपन्यांच्या प्रकृतीशी त्याचा संबंध नसतो. आपल्याकडे तो प्रश्न नाही, पण बीएसईच्या रोजच्या वाढले-पडले आकड्यात दुसरा आहे. हजारो छोट्या कंपन्या त्यात असतात, त्यातल्या कितीतरींमध्ये दिवसभरात जेमतेम काहीशे शेअर हलतात. त्या आकड्याची बेरीज करून काढलेली लाइन वर्षानुवर्षं खालीच झुकलेली दिसते. म्हणून मी निफ्टी 500 च्या बाहेर ब्रेड्थ मोजतच नाही.

केतकी_पी

मी बेंगळुरूहून. निफ्टी 500 मधले किती टक्के शेअर 200 दिवसांच्या सरासरीच्या वर आहेत, हे मी भावकॉपीवरून, म्हणजे एक्स्चेंजच्या रोजच्या भावांच्या फाइलवरून काढते. `close` या टेबलात ओळी तारखांच्या आणि रकाने शेअरचे:

```python
ma200 = close.rolling(200).mean()
pct = 100 * (close > ma200).mean(axis=1)
```

ओमकार, 2018-19 वर चालवून बघ. माझ्याकडे 2019 मध्ये निफ्टी शिखराजवळ असताना हा आकडा पन्नासच्या बराच खाली येतो. फक्त सप्टेंबर 2019 मध्ये काही शेअर अचानक सरासरीखाली गेलेले दिसतात, त्याचं कारण मला नीट लागलेलं नाही. 20 सप्टेंबरला तर अर्थमंत्र्यांनी कंपनी कर कमी केला आणि निफ्टी एका दिवसात पाच टक्क्यांवर उसळला होता.

श्रीकांत_जो

केतकी, त्या यादीत एचडीएफसी बँक आहे का बघ. 19 सप्टेंबर 2019 ला तिचा शेअर स्प्लिट झाला, दोन रुपयांचा एक रुपयाचा. भावकॉपीत भाव 2,200 च्या घरातून 1,100 च्या घरात आलेला दिसतो. तू भाव जुळवून घेतले नसशील तर तुझ्या टेबलात देशातली सगळ्यात वजनदार बँक एका रात्रीत निम्मी झाली, आणि सरासरी पूर्ण खाली येईपर्यंत काही महिने ती "200 दिवसांच्या खाली" राहणार. सप्टेंबर 2018 मध्ये इन्फोसिसच्या एकास एक बोनसलाही हेच होईल. कच्च्या भावांवर काढलेली ब्रेड्थ नेहमी खऱ्यापेक्षा वाईट दिसते, कारण बोनस आणि स्प्लिट भाव खालीच आणतात.

आणि उलट्या दिशेची चूक त्याहून मोठी असते. तू निफ्टी 500 ची यादी आजची घेतलीस का?

केतकी_पी

एचडीएफसी बँक आहे, आणि हो, यादी आजचीच घेतली आहे.

श्रीकांत_जो

मग 2018 चा आकडा प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसतोय. आजच्या यादीत आहेत त्या टिकलेल्या आणि वाढलेल्या कंपन्या. डीएचएफएलसारखी गृहकर्ज कंपनी तेव्हा यादीत होती, आज तिचा शेअर बाजारातच नाही. 2018-19 ची ब्रेड्थ ज्यांनी बिघडवली तेच शेअर आजच्या यादीतून गळालेत. सहा-सहा महिन्यांनी यादी बदलते, एनएसई इंडिसेस त्याची पत्रकं काढते. त्यावरून त्या त्या तारखेला कोण आत होतं याचं टेबल करावं लागेल. काम किचकट आहे, पण त्याशिवाय जुन्या काळाबद्दल काही बोलता येत नाही.

केतकी_पी

मग असं करते. `adj` म्हणजे जुळवलेले भाव, `member` म्हणजे त्या दिवशी शेअर यादीत होता की नाही:

```python
ma200 = adj.rolling(200).mean()
ok = member & ma200.notna()
pct = 100 * ((adj > ma200) & ok).sum(axis=1) / ok.sum(axis=1)
```

नव्याने लिस्ट झालेल्या शेअरचे 200 दिवस भरलेले नसतात. आधीच्या कोडमध्ये तेही "खाली" म्हणून मोजले जात होते, तेही यात सुटतं. पत्रकं गोळा करायला वेळ लागेल.

ओमकार_तळेगाव

हे फार उपयोगाचं आहे. पण मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे. समजा आकडे बरोबर आले, इक्वल वेट पडतोय आणि 200 दिवसांच्या वरचे शेअर पन्नास टक्क्यांच्या खाली आहेत. मग काय म्हणायचं? रणजितराव म्हणतात विका, काका म्हणतात दोन वर्षं थांबावं लागू शकतं.

श्रीकांत_जो

मग बाकीचे *का* पडतायत ते शोधायचं. चार्ट इथपर्यंतच नेतो. 2018 मध्ये कारणं एकामागून एक आली आणि ती सगळी तेव्हाच्या तेव्हा पेपरात वाचायला मिळत होती.

पहिलं, सेबीने ऑक्टोबर 2017 मध्ये म्युच्युअल फंडांचे प्रकार ठरवून दिले. पहिल्या शंभर कंपन्या लार्ज, 101 ते 250 मिड, पुढच्या स्मॉल. लार्जकॅप फंडाला किमान 80 टक्के पैसे पहिल्या शंभरातच ठेवणं आलं. परतावा वाढवायला ज्यांनी मिडकॅप भरले होते त्यांना 2018 च्या पूर्वार्धात ते काढावे लागले. ही विक्री कंपनी वाईट म्हणून नव्हती, नियम पाळायला होती. त्यातच 1 फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात शेअरवरचा दीर्घकालीन नफ्याचा कर परत आला.

पुढे सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या मोठ्या वित्त कंपनीने देणी चुकवली, आणि हे कारण वेगळ्या जातीचं होतं. डेट फंडांनी बिगरबँक वित्त कंपन्यांचे कर्जरोखे घेणं आखडतं घेतलं. या कंपन्या ज्यांना कर्ज देत होत्या ते बिल्डर, ट्रक घेणारे, छोटे कारखानदार अडकले. वाहनविक्री घसरली. मिड आणि स्मॉलकॅप कंपन्यांचा धंदा याच साखळीवर उभा होता. मोठ्या खासगी बँकांना ठेवी स्वस्तात मिळत होत्या आणि प्रतिस्पर्धी वित्त कंपन्या मागे हटल्याने चांगली कर्जंही मिळत होती. म्हणजे हेवीवेट वाढण्याचं आणि बाकीचे पडण्याचं कारण एकच होतं.

म्हणून माझं उत्तर असं. 2018 च्या पहिल्या सहामाहीतली बिघडलेली ब्रेड्थ मी आजार मानली नसती, ती विक्री संपणारी होती. सप्टेंबरनंतरची मानली असती, कारण पतपुरवठाच आटला होता. चार्टवर दोन्ही सारख्या दिसतात. आणि तरीही मी निफ्टी विकला नसता, कारण निफ्टीतल्या वजनदार कंपन्यांचा नफा या आजाराने कमी होत नव्हता. मिडकॅपमधली खरेदी मात्र थांबवली असती.

रणजित_सातारा

काका, तारखांचा मुद्दा मान्य. पण मार्च 2020 चं काय? जानेवारीत निफ्टी 12,362 ला बंद झाला, 23 मार्चला 7,610. आतून मजबूत बाजार एवढा कोसळला असता का? कोविड निमित्त झालं, ब्रेड्थ आधीच पोखरलेली होती.

प्राची_व

मला हे पटत नाही. कोविडने जगातले सगळेच बाजार पडले, ब्रेड्थ चांगली असलेलेही. आणि जानेवारी 2020 बघा, त्या महिन्यात निफ्टी खाली आला आणि मिडकॅप 100 वर गेला. म्हणजे कोसळण्याच्या अगदी आधी ब्रेड्थ *सुधारत* होती. तुमच्या नियमाने जानेवारीअखेर खरेदीचा इशारा आला असता.

रणजित_सातारा

एका महिन्याच्या सुधारण्याला मी इशारा म्हणत नाही. पतपुरवठा आटलेला होता हे काकांनीच सांगितलं. त्या अवस्थेतला बाजार धक्का कमी सोसतो, एवढं तरी मानाल?

श्रीकांत_जो

खोली किती झाली यावर रणजितरावांचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. वित्त कंपन्या आणि बँकाच मार्चमध्ये जास्त पडल्या. पण ब्रेड्थने मार्चची वेळ सांगितली असं मी म्हणणार नाही. दोन्ही बाजू इथे पुऱ्या सिद्ध करता येणार नाहीत.

स्मिता_डोंबिवली

माझा प्रश्न मागेच पडला. श्रीकांतदादा, माझ्या फंडाबद्दल?

श्रीकांत_जो

स्मिताताई, माफ करा, लिहायचं राहूनच गेलं. फंड चांगला की वाईट हे ब्रेड्थ सांगत नाही. पण तुमचा फंड कशाशी ताडून बघायचा हे ती सांगते. 2019 च्या दिवाळीत तुम्ही स्मॉलकॅप फंड निफ्टीशी ताडत होतात. तो स्मॉलकॅप निर्देशांकाशी ताडायला हवा होता. तो निर्देशांक दोन वर्षांत मिळून पस्तीस टक्के पडलेला होता. तुमचा फंड त्याहून कमी पडला असेल तर फंड मॅनेजरने त्याचं काम केलं होतं आणि लाल आकडा बाजाराच्या त्या भागाचा होता.

इंडेक्स फंडात जायला हवं होतं का, याचं उत्तर तुम्ही कोणत्या तारखेला उभ्या आहात त्यावर बदलतं. 2020 मध्ये निफ्टी पंधरा टक्के वाढला, स्मॉलकॅप 100 साडेएकवीस. 2021 मध्ये निफ्टी चोवीस आणि स्मॉलकॅप 100 जवळजवळ साठ. हेवीवेटची सद्दी संपली ती हेवीवेट पडून नाही, बाकीचे त्यांच्यापेक्षा जोरात वाढून. रणजितरावांच्या नियमात या शेवटाला जागाच नाही, आणि मला वाटतं ओमकारच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

स्मिता_डोंबिवली

स्टेटमेंट काढून बघितलं. डिसेंबर 2017 अखेरची आणि डिसेंबर 2019 अखेरची एनएव्ही घेतली तर फंड चोवीस टक्के खाली होता. म्हणजे निर्देशांकापेक्षा कमी. आणि मी तेव्हाच थांबले. हे तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

प्राची_व

ताई, एक बारीक गोष्ट. फंडाच्या एनएव्हीत लाभांश धरलेला असतो आणि टीव्हीवर दिसणाऱ्या निर्देशांकात नसतो. ताडताना निर्देशांकाचा टीआरआय आकडा घ्या. दोन वर्षांत एक-दोन टक्क्यांचा फरक पडेल. चोवीस आणि पस्तीस एवढं अंतर त्याने भरून निघत नाही, त्यामुळे तुमचा निष्कर्ष तोच राहतो.

ओमकार_तळेगाव

मी तीन खिडक्या केल्या आहेत. वर निफ्टी, मधे निफ्टी भागिले इक्वल वेट, खाली नुसता इक्वल वेट. सप्टेंबर 2018 ला उभी रेघ मारली. रेघेच्या दोन्ही बाजूंना गुणोत्तर वरच जातंय, काका म्हणाले तसं आजाराची जात त्यातून कळत नाही. आता त्याच्या खाली वित्त कंपन्यांच्या कर्जाच्या व्याजदराची एखादी रेषा लावावी म्हणतोय. कमर्शियल पेपरचे, म्हणजे कंपन्यांच्या अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांचे महिनावार दर कुठे मिळतील?

केतकी_पी

रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीत कमर्शियल पेपरची रक्कम आणि दरांचा पल्ला पंधरवड्याने येतो. पल्ला बराच रुंद असतो, वरच्या टोकाची रेषा काढ, खालच्या टोकाला चांगल्या सरकारी कंपन्या असतात. मार्च 2018 च्या यादीचं पत्रक मला मिळालं आहे, सप्टेंबरचं शोधतेय. दोन्ही झाली की `member` टेबल इथे टाकते.